दुःखाच्या घरी भेटायला गेल्यावर काय बोलावं

आमच्याकडं मयताच्या घरी जाण्याला 'भेटायला जाणं' म्हणतात. मातीला पोचता आलं नाही तर सावडायच्या दिवशी, तेही जमलं नाही तर दहाव्याच्या आत, पण जायचंच. जीप भरून सोयरे येतात, बाया गल्लीच्या तोंडाशीच गळा काढतात, गडीमाणसं ओसरीवर भिंतीला टेकून बसतात. पाच मिनिटं कुणी बोलत नाही आणि मग कुणीतरी घसा खाकरून विचारतं, "कसं काय झालं म्हणायचं?"

या प्रश्नानंच सगळं बिघडतं. मी परभणी-हिंगोलीच्या बाजूला उपकेंद्रावर नर्स आहे, बावीस वर्षं झाली. म्हातारपणानं गेलेल्यांच्या घरी गेले, बाळंतपणात गेलेल्यांच्या घरी गेले, आणि शेतकऱ्यानं स्वतःचा जीव दिला अशा घरीही बऱ्याचदा गेले. शेवटच्या प्रकारच्या घरी काय बोलावं हे कुणी शिकवत नाही आणि चुका तिथंच जास्त होतात, म्हणून तेच घर धरून लिहिते. तिथं बोलायला जमलं तर बाकीच्या घरी अडत नाही.

"कसं झालं" हा प्रश्न विचारणाऱ्याला आपुलकीचा वाटतो. पण घरातल्या माणसाला तो दिवसातून पंचवीस-तीस वेळा ऐकावा लागतो. दर वेळी थोरला भाऊ पहिल्यापासून सांगतो: सकाळी चहा घेतला, शेतात जातो म्हणाले, दुपारी जेवायला आले नाहीत... चौथ्या दिवसापर्यंत त्याला ते पाठ झालेलं असतं आणि आत बसलेली बायको दर खेपेला ती दुपार नव्यानं ऐकते. तुम्ही ज्याला दुःख वाटून घेणं म्हणता, ते तिच्यासाठी त्या दिवसात पुन्हा जाऊन उभं राहणं असतं.

विचारायचं ते बाहेर विचारा

माहिती लागतेच, नाहीतर आत जाऊन भलतंच बोललं जातं. पण ती घरच्यांकडून घेऊ नका. गाडी थोडी अलीकडं लावा. पारावर, पिठाच्या गिरणीपाशी किंवा अंगणात पाण्याचा जार भरत असलेला एखादा चुलतभाऊ, शेजारी भेटतोच. त्याला बाजूला घेऊन विचारा. घरात त्यांना काय म्हणायचे, भाऊ, आण्णा की बापू? आत सगळ्यात जास्त कोण खचलंय? लेकरांना काय सांगितलंय? आणि घरचे या मरणाला काय म्हणतात?

शेवटचा प्रश्न नक्की विचारा. काही घरांत "अटॅक आला" असं सांगितलेलं असतं. गावाला खरं माहीत असतं, म्हाताऱ्या आईला नसतं. तिथं खरं-खोटं करायला आपण गेलेलो नाही. घर जो शब्द वापरतं तोच आपण वापरायचा, आणि कोणताच शब्द वापरत नसेल तर नुसतं "गेले" म्हणायचं. 'आत्महत्या केली', 'असं पाऊल उचललं' हे पेपरातले शब्द उंबऱ्याच्या आत नकोत.

कोणत्या वारी जावं, किती वाजता जावं, हे गावागणिक आणि जातीगणिक वेगळं असतं. आदल्या दिवशी भावकीतल्या कुणाला फोन केला की कळतं.

पहिलं वाक्य

आत गेल्यावर समोर नाही, बाजूला बसा. समोर बसलं की मुलाखत होते. बाईनं बाईच्या शेजारी सतरंजीवर बसून पाठीवर हात ठेवावा. गड्यानं बापाच्या किंवा भावाच्या बाजूला बसून त्याचा हात हातात घेतला तरी पुरतं.

मग बोलायचं ते एवढंच: नात्याची हाक, गेलेल्या माणसाचं घरातलं नाव, आणि तुम्ही स्वतः पाहिलेली त्याची एक गोष्ट. ती सांगून थांबायचं.

एका सोयाबीन काढणीच्या दिवसांत मी अशा घरी गेले. अडतीस वर्षांचा माणूस, घरात आई, बायको, सहावीतला मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी. चौथा दिवस होता. जाताना वाटेत मी आठवत होते, हा माणूस मला कुठं भेटला होता? आठवलं. आत जाऊन त्याच्या बायकोजवळ बसले आणि म्हणाले, "वहिनी, धाकटीला गोवराची लस द्यायला भाऊच घेऊन आले होते. पोरगी मजेत बघत होती आणि सुई टोचताना डोळे ह्यांनीच गच्च मिटले."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग पदर तोंडावरून काढून म्हणाली, "त्यांना रगत बघवत नव्हतं व, सिस्टरबाई. कोंबडी कापायला बी शेजाऱ्याला बोलवायचे."

चार दिवस त्या घरात त्याच्या मरणाबद्दलच बोलणं चाललं होतं. तो कसा होता, याबद्दल ती पहिल्यांदा बोलली. तुमची आठवण मोठी, कौतुकाची असायची गरज नाही. "देवमाणूस होता" यात काहीच दिसत नाही. "बाजारातून येताना मला गाडीवर घेतलं होतं आणि उतरताना माझी पिशवी हँडलवरून काढून हातात दिली" यात माणूस दिसतो.

तुम्ही त्याला ओळखतच नसाल तर ओढूनताणून आठवण काढू नका. "मी तुमच्या नणंदेच्या शेजारची. कानावर आलं, राहवलं नाही, म्हणून आले." एवढं खरं वाक्य पुरे. त्यानंतर गप्प बसलात तरी तुमचं येणं वाया जात नाही.

काळाकडं लक्ष ठेवा. पहिल्या दिवसांत बायको अजून "त्यांना जेवताना ताक लागतं" असं बोलते. आपण लगेच "लागायचं" म्हणून दुरुस्त करायचं नाही. ती "लागतं" म्हणेल तोवर आपणही तसंच बोलावं.

आईचं रडणं ऐका

आपल्याकडची म्हातारी आई रडते ती नुसती रडत नाही, ती मुलाशी बोलत असते. "मह्या राजा, ज्वारीची पेंडी कोण उचलंल रे आता", "मह्यं अंग दुखलं की गोळी आणून द्यायचास रे". बाहेरून आलेल्या बाया हे ऐकत नाहीत. त्यांना वाटतं तिला गप्प करणं हे आपलं काम. "उगी राहा मावशी, किती रडशील, जीवाला काही होईल" असं म्हणत तिला पाणी पाजायला लागतात.

तिला थांबवू नका. ती काय म्हणते ते ऐका, कारण पुढं काय बोलायचं ते तीच सांगत असते. आवाज जरा खाली आला की तिचाच एक शब्द उचलून तिला परत द्या. त्या घरच्या मावशीला मी म्हणाले, "गोळी कुठली आणायचे भाऊ? आमच्या उपकेंद्रातली का दुकानातली?" ती म्हणाली, "तुमची गोळी मला लागू पडत न्हाई, तो दुकानातली आणायचा." मग ती दहा मिनिटं मुलाबद्दल सांगत राहिली, रडतरडतच, पण सांगत राहिली.

रडू आलं तर तुम्हीही रडा. फक्त दारात शिरताना रीत म्हणून मोठ्यानं गळा काढू नका. प्रत्येक नव्या गाडीबरोबर त्या बायकोला नव्यानं रडावं लागतं आणि संध्याकाळपर्यंत तिच्या घशाला कोरड पडते. तुमच्याबरोबरच्या बाया ऐकणाऱ्या असतील तर हे गाडीतच सांगून ठेवा.

"कामून केलं असं?"

हा प्रश्न कुणीतरी तुम्हाला विचारणारच. बायको विचारेल, आई विचारेल, कधी बाप खालमानेनं विचारेल. त्याला उत्तर देऊ नका. "मला न्हाई माहीत माय. मी इथं बसते तुह्यापाशी." एवढंच म्हणा.

पावसानं पीक गेलं, बँकेची नोटीस आली, सावकार दारात येऊन बोलला, असं एकेक कारण बाहेर चाललेलं असतं. कुणी एका गोष्टीमुळं जीव देतो असं सहसा नसतं, बरंच काही साचलेलं असतं. पण त्याहून मोठी अडचण ही की तुम्ही कारण सांगितलं की त्या घरात कुणीतरी गुन्हेगार ठरतो, आणि बहुतेक वेळा ती बायको असते. "काही बोलणं झालं होतं का दोघांत?" "तुला कसं कळलं न्हाई?" हे विचारून लोक निघून जातात आणि सासूच्या मनात ते राहून जातं. नवरा-बायकोचं बोलणं कोणत्या घरात होत नाही? पण त्या आठवड्यातलं बोलणं ती बाई जन्मभर उगाळत बसते.

तसंच "लेकरांचा तरी विचार करायचा होता त्यानं" हे वाक्य. गेलेल्यावरचा राग असतो, पण ऐकणारी त्याची लेकरं असतात. त्यांना त्यातून एकच अर्थ लागतो, की बापानं आपला विचार केला नाही.

ओसरीवर बसणाऱ्या गड्यांना आणखी एक सांगायचंय. सरकारी मदतीची चौकशी याच दिवसांत चालू असते. तलाठी, पोलीस येऊन जातात, प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढं जातं आणि पात्र ठरलं तर १ लाख रुपये मिळतात. अशा वेळी "पीत होता म्हणे", "कर्ज तर माफच झालं होतं" असल्या ऐकीव गोष्टी ओसरीवर मोठ्यानं बोलू नयेत, त्या कुठल्या कुठं जातात. आणि "चला, निदान लाखभर तरी मिळतील" हे वाक्य मी माझ्या कानानं ऐकलंय. बोलणारा वाईट माणूस नव्हता, काहीतरी दिलासा द्यावा म्हणून बोलला. पण ते ऐकून तिथं बसलेला बाप उठून गोठ्यात गेला आणि माणसं जाईपर्यंत बाहेर आला नाही.

बायांनी बांगड्या, कुंकू, जोडवी यांचा विषय काढायचा नाही. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवांच्या प्रथा बंद केल्या आणि मग सरकारनं सगळ्याच ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. कागद काही का म्हणेना, सतरंजीवर बसलेल्या चार बाया काय कुजबुजतात यावर त्या बाईचं पुढचं ठरतं. म्हणावंच वाटलं तर एवढं म्हणा, "वहिनी, तुमच्या मनाला येईल तसं करा. कुणाच्या म्हणण्यानं काही काढू नका."

मुलाला "कर्ता" म्हणू नका

मला सगळ्यात जास्त हेच खटकतं. सहावीतलं पोरगं, डोक्याचे केस काढलेले, खांद्यावर उपरणं. येणारा प्रत्येक माणूस त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतो, "आता तूच घरचा कर्ता. आईला जप. रडायचं न्हाई." अकरा-बारा वर्षांच्या लेकराला चाळीस मोठी माणसं एकच गोष्ट सांगतात, आणि ते खरं मानतं. मग ते रडत नाही, जेवत नाही, रात्री आईच्या उशाशी जागं राहतं. "किती शहाणं पोरगं आहे" म्हणून लोक त्याचं कौतुक करतात.

त्याच्याशी त्याच्या वयाचं बोला. त्या मुलाला मी शाळेचं विचारलं, वर्गशिक्षक कोण आहेत, डबा कुणाबरोबर खातो. मग म्हणाले, "सरांना मी सांगते, तू तेराव्यानंतर येशील म्हणून. अभ्यास बुडाला तर बुडू दे." तो मान हलवत होता. मग खाली बघत एकदम म्हणाला, "मी सायकल मागितली होती."

असं काहीतरी प्रत्येक लेकराच्या पोटात असतं. ते बाहेर आलं तर "छे छे, वेडा का तू" म्हणून उडवून लावू नका. खाली बसा, त्याच्या डोळ्याच्या पातळीला या आणि सावकाश सांगा. मी म्हणाले, "सायकल मागितली म्हणून बाप जात नसतो, बाळा. लेकरं मागतच असतात, भाऊंनी बी लहानपणी मागितली असंल. हे तुझ्यामुळं झालं न्हाई." आणि थोड्या वेळानं पुन्हा सांगितलं, तुझ्यामुळं झालं न्हाई. एकदा सांगून ते आत जात नाही. निघताना त्याच्या मोठ्या चुलत्यालाही सांगून ठेवलं, की हे त्याला अधूनमधून ऐकवत राहा.

लहान मुलीला "बाबा गावाला गेलेत" असं सांगितलेलं होतं. ती रोज संध्याकाळी रस्त्याकडं जाऊन उभी राहायची. पाहुण्यानं परस्पर तिला काही सांगू नये, पण ते खोटंही पुढं रेटू नये. आईला किंवा आजीला बाजूला घेऊन सुचवावं, की जवळ घेऊन एवढंच सांगा: "बाबा वारले. आता ते येणार न्हाईत. मी कुठं जात न्हाई." कसे गेले, ते पाच वर्षांच्या लेकराला त्या दिवशी कळायची गरज नाही.

"मी बी जाते त्यांच्यामागं"

शोकात हे वाक्य बऱ्याच बाया बोलतात आणि बऱ्याचदा तो नुसता हंबरडा असतो. पण अशा घरात ते वाक्य तसंच सोडून द्यायचं नाही. "असं बोलू नये, लेकरांकडं बघ" म्हटलं की ती गप्प होते, पण मनातलं जात नाही, नुसतं झाकलं जातं.

माणसं थोडी पांगली की जवळ बसून सरळ विचारा, "वहिनी, खरंच मरावं असं मनात येतंय का?" विचारल्यानं ते मनात भरवलं जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. ती "हो" म्हणाली किंवा उत्तर न देता नुसती बघत राहिली, तर तिला विश्वासात घेऊन तिच्या जावेला, बहिणीला किंवा आईला सांगा. रात्री तिच्याजवळ कुणीतरी झोपावं. फवारणीची औषधं घरातून आणि आखाड्यावरून त्याच दिवशी हलवायला लावा, हे काम भावकीतल्या एका जबाबदार माणसावर टाका. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी फोनसेवेचा नंबर आहे. कधीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जावेच्या मोबाइलमध्ये तो तिथंच सेव्ह करून द्या. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात, तिकडं न्यायची वेळ आली तर आपण सोबत जाऊ, हेही सांगा.

घर कोणाचं आहे ते बघून

मराठवाड्यात एकाच गल्लीत चार रीती असतात. मुसलमान शेजाऱ्याच्या घरी अरबी दुआ पाठ नसली तरी बिघडत नाही, "अल्लाह तुम्हाला सबर देवो" हे मनापासून म्हटलेलं पोचतं. बायको इद्दतमध्ये असते, चार महिने दहा दिवस, त्यामुळं परक्या गड्यानं तिला भेटायचा आग्रह धरू नये, आपल्या घरच्या बाईला आत पाठवावं. बौद्ध घरात "आत्म्याला शांती लाभो", "देवाची इच्छा" ही वाक्यं बसत नाहीत. जयभीम करून बसा आणि माणसाबद्दल बोला. लिंगायतांत "लिंगैक्य झाले" म्हणतात. लातूर, नांदेडकडं हे जास्त ऐकू येईल.

निघताना

"येतो" म्हणायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून लोक अवघडून उठतात आणि जाताजाता म्हणतात, "काही लागलं तर सांगा." ते घर कधीच काही सांगत नाही. सांगायला आधी काय लागतंय ते सुचावं लागतं, मग मागायची लाज गिळावी लागते.

कामाचं नाव घेऊन सांगा, दिवस सांगा. त्या घरची सोयाबीनची गंजी रानात उघडी होती आणि आभाळ आलेलं होतं. ओसरीवरचा एक शेजारी उठताना थोरल्या भावाला म्हणाला, "उद्या सकाळी मी आणि माझा पोरगा ताडपत्री घेऊन गंजीवर जातो. तुम्ही येऊ नका." त्या दिवशी बोललेलं सगळ्यात चांगलं वाक्य मला तेच वाटलं. चूल पेटलेली नसते, शेजारपाजारहून पिठलं-भाकरी येते, पण सगळ्यांच्या भाकरी एकाच दुपारी येतात आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्याच येत नाहीत. म्हणून "परवा रात्रीच्या पंधरा माणसांच्या भाकरी आमच्याकडून" असं ठरवून सांगा.

कागदपत्रांचं बायकोशी बोलू नका. बाहेर येऊन भावाला किंवा मेहुण्याला एकच गोष्ट सांगा, की मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करून घ्या आणि त्यांचं पासबुक जपून ठेवा. पासबुकात वर्षाला ४३६ रुपये कापल्याची नोंद दिसली तर तो २ लाखांच्या जीवन ज्योती विम्याचा हप्ता असतो. तेराव्यानंतर बँकेत जाऊन विचारा. बाकीचं पुढच्या खेपेला.

पुढची खेप मात्र करा. तेरावा झाला की जीप बंद होतात, ओसरी रिकामी होते, आणि त्याचं नाव घ्यायलाही लोक कचरतात. मी दीड महिन्यानं गेले. दिवाळी होऊन गेली होती, त्यांनी केली नव्हती. या खेपेला मी "कशा आहात" असं विचारलं नाही, "काल रात्री झोप लागली का?" असं विचारलं. मोठ्या प्रश्नाला उत्तर नसतं, काल रात्रीच्या प्रश्नाला असतं. "दोन वाजता जाग येती," ती म्हणाली. मग आम्ही त्या दोन वाजल्याबद्दलच बोललो.

उठताना मी सांगितलं की धाकटीचा पाच वर्षांचा डोस राहिलाय, बुधवारी घेऊन या. ती लसीचं कार्ड शोधायला आत गेली. बऱ्याच वेळानं आली. कार्ड त्यांच्या शर्टांच्या घडीत ठेवलेलं होतं.

"बुधवारी मीच आणते," ती म्हणाली. "सुई टोचताना बघायची मला बी सवय न्हाई."

"मी धरते तिला," मी म्हणाले. "तुम्ही डोळे मिटा."